कोटेशनमध्ये 10 दिवस, हातात माल 23 व्या दिवशी: छपाईच्या कामाची तारीख का घसरते

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "तुम्ही दहा दिवस म्हणाला होतात." आणि त्या क्षणी आमच्याकडे त्या कामाची प्लेटसुद्धा निघालेली नसते.

मी छापखान्यात कोटेशन आणि प्रूफ या दोन्ही गोष्टी बघते. ग्राहकाच्या मजकुरानुसार आणि मापानुसार छापून द्यायचं कुठलंही काम घ्या, खोकं असो, लेबल असो, कॅटलॉग असो की छापील पिशवी. क्रम तोच असतो. दर द्यायचा, होकार घ्यायचा, आर्टवर्क मागवायचं, प्रूफ दाखवायचं, मंजुरी घ्यायची आणि मगच काम मशीनवर चढवायचं. तारीख चुकली की सगळे मशीनकडे बघतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. लॅमिनेशनला वेळ लागला, पंचिंग अडकलं, बोर्ड उशिरा आला. कधीकधी ही कारणं खरीही असायची. पण तक्रार थांबेना, तेव्हा एका कामाच्या सगळ्या तारखा कागदावर मांडल्या. दोष मशीनवर नव्हताच. तो मी लिहिलेल्या कोटेशनच्या एका ओळीत होता.

एका कामाच्या तारखा

काम होतं 3000 खोक्यांचं. 300 जीएसएमचा बोर्ड, चार रंग, मॅट लॅमिनेशन, पंचिंग आणि पेस्टिंग. कोटेशनच्या तळाशी मी लिहिलं होतं, "डिलिव्हरी: 10 दिवस". बस्स, एवढंच.

होकार आणि ॲडव्हान्स ज्या दिवशी आला तो शून्य दिवस धरू. पुढचे सगळे कामाचे दिवस आहेत, सुट्ट्या वगळून.

आर्टवर्क आलं चौथ्या दिवशी. फाइल आरजीबीमध्ये होती, कडेला ब्लीड नव्हतं आणि मुख्य फोटो वेबसाइटवरून उतरवलेला, छपाईच्या मापात जेमतेम 72 डीपीआयचा. नीट फाइल आणि मोठा फोटो मिळायला सहावा दिवस उजाडला. सातव्या दिवशी पहिलं प्रूफ गेलं. नवव्या दिवशी उत्तर आलं की पत्ता बदला आणि मागच्या बाजूची एक ओळ काढा. दहाव्या दिवशी दुसरं प्रूफ गेलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी फोन आला, "माल निघाला का?"

ग्राहकाच्या हिशोबाने मुदत संपली होती. आमच्या हिशोबाने ती सुरूच झाली नव्हती.

बाराव्या दिवशी त्यांच्या भागीदाराने पहिल्यांदाच प्रूफ बघितलं आणि लोगो मोठा करायला सांगितला. तेराव्या दिवशी तिसरं प्रूफ गेलं. चौदाव्या दिवशी उत्तर आलं, "ओके, फक्त फोन नंबर बदला." पंधराव्या दिवशी चौथं प्रूफ आणि त्याच दिवशी मंजुरी. सोळाव्या दिवशी प्लेट निघाल्या आणि तेविसाव्या दिवशी माल बाहेर पडला.

आता हे 23 दिवस तीन तुकड्यांत मोडून बघा. छापता येईल अशी फाइल हातात येईपर्यंत 6 दिवस. प्रूफच्या फेऱ्यांत 9 दिवस. प्रत्यक्ष उत्पादनात 8 दिवस. म्हणजे ज्या कामासाठी आम्ही 10 दिवस कबूल केले होते ते आम्ही 8 दिवसांत केलं, आणि तरीही ग्राहकाच्या लेखी आम्ही 13 दिवस उशीर केला. प्रूफच्या 9 दिवसांतले 5 दिवस त्यांच्या उत्तराची वाट बघण्यात गेले आणि 4 आमच्या दुरुस्त्यांत. हे 4 मी मुद्दाम सांगते आहे, कारण प्रत्येक फेरीला आमचाही एक दिवस जातो हे कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं.

तुमच्याकडे हाच दोष आहे का हे ओळखायचं असेल तर मागची दहा कामं काढा. प्रत्येकाच्या चारच तारखा लागतात: होकार कधी आला, छापण्याजोगी फाइल कधी आली, अंतिम मंजुरी कधी मिळाली आणि माल कधी निघाला. शेवटचा तुकडा, मंजुरीपासून माल निघेपर्यंतचा, बहुतेक कामांत सारखाच येत असेल आणि पहिले दोन कधी 3 तर कधी 20 दिवस होत असतील, तर मशीनवर माणसं वाढवून काही होणार नाही. दुरुस्ती कोटेशनमध्येच करायला हवी. शेवटचा तुकडाच वरखाली होत असेल तर अडचण खरोखर उत्पादनात आहे, आणि पुढचं सगळं वाचून तुम्हाला फारसा फायदा नाही.

घड्याळ कुठून सुरू होतं ते लिहा

"10 दिवस" ही मुदत नाही, नुसता आकडा आहे. तो कशापासून मोजायचा हे लिहिलं नाही तर प्रत्येक जण आपल्या सोयीने मोजतो, आणि ग्राहकाने पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजणं अगदी स्वाभाविक आहे. त्याच्या बाजूने त्याचं काम तिथेच संपलेलं असतं.

मी आता कोटेशनमध्ये हा मजकूर टाकते:

```
उत्पादन कालावधी: अंतिम प्रूफला लेखी मंजुरी मिळाल्यानंतर
10 कामाचे दिवस. दुपारी 4 नंतर आलेली मंजुरी पुढच्या
कामाच्या दिवशी आली असे धरले जाईल.

प्रूफ: छापण्याजोगी फाइल मिळाल्यावर 1 कामाच्या दिवसात
पहिले प्रूफ. दरात 2 प्रूफ धरली आहेत. प्रत्येक
दुरुस्तीनंतर नवीन प्रूफ 1 कामाच्या दिवसात.

मंजुरीपूर्वी प्लेट, डाय किंवा छपाई सुरू होणार नाही.
ॲडव्हान्स जमा होणे म्हणजे प्रूफची मंजुरी नव्हे.
```

शेवटची ओळ क्षुल्लक वाटेल, पण ती नसल्यामुळे आमच्याकडे एकदा काम मंजुरीशिवाय पुढे गेलं होतं. पैसे जमा झाले म्हणून हिशोब बघणाऱ्याने जॉब कार्ड काढलं, कार्ड बघून प्लेटवाल्याने पहिल्या प्रूफच्या प्लेट काढल्या. कोणाचीच वाईट भावना नव्हती. आता मंजुरीचा कागद सोबत जोडल्याशिवाय जॉब कार्ड निघतच नाही. ऑर्डर सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तिथेही बघा. बऱ्याच ठिकाणी "पैसे मिळाले" झालं की काम आपोआप पुढच्या टप्प्यात सरकतं. मध्ये "प्रूफची वाट" असा एक टप्पा हवा, आणि तो माणसानेच हाताने पुढे ढकलायला हवा.

ग्राहकाची तारीख ठरलेली असेल, उदाहरणार्थ माल 25 व्या कामाच्या दिवशी त्याच्या हातात हवाच असेल, तर उलटं मोजा. वाहतुकीला 2, उत्पादनाला 10, म्हणजे मंजुरी 13 व्या दिवसापर्यंत हवी. प्रूफच्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत आमचा 1 दिवस आणि त्यांचे 2, म्हणजे 6. छापण्याजोगी फाइल 7 व्या दिवशी आमच्याकडे यायला हवी. हे गणित डोक्यात न ठेवता कोटेशनमध्येच दोन तारखा लिहून द्या: फाइल या तारखेपर्यंत, मंजुरी या तारखेपर्यंत. मुदतीचा नियम वाचून लोक विसरतात, पण समोर तारीख दिसली की भागीदाराला प्रूफ त्याच दिवशी पाठवतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक या दोन तारखांनीच पडला.

घाईच्या कामात दिवस वाचवायचे असतील तर एक जागा खरोखर आहे. खोक्याची डाय फक्त मापावर अवलंबून असते, मजकुरावर नाही. म्हणून कोऱ्या बोर्डाची डमी आधी कापून पाठवायची, वस्तू आत नीट बसते का ते ग्राहकाने बघायचं आणि मापाची मंजुरी वेगळी घ्यायची. मग मजकुराचं प्रूफ फिरत असताना डाय बनत राहते. अशा वेळी "मंजुरीपूर्वी डाय नाही" ही ओळ "मापाच्या मंजुरीपूर्वी डाय नाही" अशी बदलायची, आणि मापाच्या मंजुरीनंतर माप बदललं तर नवीन डायचा खर्च ग्राहकाचा, हेही तिथेच लिहायचं. प्लेटबाबत मात्र अशी सवलत देऊ नका.

त्याचं कारण ग्राहकालाही सांगण्यासारखं आहे. चार रंगांच्या कामाला चार प्लेट लागतात. फोन नंबर नुसत्या काळ्या रंगात असेल तर तो बदलायला काळ्या रंगाची एक प्लेट नवीन काढावी लागते. पण तोच नंबर रंगीत पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत असेल, तर ते पांढरं म्हणजे कागदाची कोरी जागा असते. ती जागा त्या पार्श्वभूमीतल्या प्रत्येक रंगाच्या प्लेटवर कोरी सोडलेली असते. चारही रंग मिसळून केलेली पार्श्वभूमी असेल तर एक अंक बदलायला चारही प्लेट पुन्हा. "एकच तर आकडा आहे" असं म्हणणाऱ्या ग्राहकाला मी जुन्या प्लेट काढून हे दाखवते, आणि त्यानंतर कोणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

"ओके, फक्त..." ही मंजुरी नव्हे

वरच्या कामात चौदाव्या दिवशी आलेलं उत्तर पुन्हा वाचा: "ओके, फक्त फोन नंबर बदला." वाचणाऱ्याला त्यात ओके दिसतं. दुरुस्ती करायची आणि प्लेटला सोडायचं, असा मोह होतो, कारण मुदत गेलेली असते आणि एक फेरी वाचते. मी तो मोह टाळला आणि चौथं प्रूफ पाठवलं. बरं झालं, कारण नंबर टाइप करताना आमच्याच डीटीपीवाल्याकडून दोन अंक उलटे झाले होते आणि ते ग्राहकाने पकडलं, म्हणून त्याच दिवशी नंबर सुधारून प्रूफ पुन्हा गेलं आणि मंजुरी त्यालाच मिळाली.

दुरुस्ती सुचवलेलं प्रूफ मंजूर नसतं. कितीही लहान दुरुस्ती असो. काही ठिकाणी मंजुरीच्या अर्जावर तीन पर्याय असतात: मंजूर, दुरुस्त करून पुन्हा दाखवा, आणि दुरुस्त करून थेट छापा. तिसरा पर्याय मी काढून टाकला. त्यात एक फेरी वाचते खरी, पण दुरुस्त झालेलं पान छपाईआधी ग्राहकाने बघितलेलंच नसतं, आणि चूक झाली तर ती कोणाची हे सांगायला दोघांकडेही काही नसतं.

मंजुरी कोणी द्यायची हेही होकार घेतानाच विचारून घ्या आणि कोटेशनवर लिहा, एकाच माणसाचं नाव. भागीदार, मार्केटिंगवाले, मालक, सगळ्यांनी बघायचं तर बघू द्या, पण दुरुस्त्या गोळा करून एकाच वेळी पाठवण्याची जबाबदारी त्या एका माणसाची. आमच्या 3000 खोक्यांच्या कामात भागीदाराने पहिलंच प्रूफ बघितलं असतं तर निदान एक फेरी, म्हणजे साधारण 3 दिवस, वाचले असते.

ओके नेमकं कशाला?

यावरून आमचं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते दुसऱ्या एका कामात. 1000 माहितीपत्रकं होती. दोन प्रूफ चॅटवर गेली होती, एकाखाली एक. ग्राहकाने "ओके" लिहिलं ते वरच्या, म्हणजे जुन्या प्रूफला उत्तर म्हणून. आमच्याकडे फोल्डरमध्ये `final.pdf`, `final_new.pdf` आणि `final_new2.pdf` अशा तीन फाइल होत्या. प्लेट निघाल्या `final_new.pdf` च्या. छापून आल्यावर कळलं की त्यात जुना पत्ता आहे. ग्राहक म्हणाले, मी नवीनच बघितलं होतं. आम्ही म्हणालो, तुम्ही जुन्याला ओके दिलंत. दोन्ही बरोबर होतं आणि दोन्हींचा उपयोग नव्हता. पुन्हा छापलं, खर्च आम्ही सोसला, कारण फाइलच्या नावांचा गोंधळ आमच्या घरचा होता.

त्यानंतर प्रत्येक प्रूफवर, पानाच्या कडेबाहेरच्या कोऱ्या पट्टीत, काम क्रमांक, प्रूफ क्रमांक, तारीख, तयार माप, नग आणि कागद छापलेले असतात. फाइलचं नावही तेच, उदाहरणार्थ `1184_P3.pdf`. "फायनल" हा शब्द फाइलच्या नावात वापरायला आमच्याकडे बंदी आहे. नवीन प्रूफ गेलं की जुनं प्लेटच्या फोल्डरमधून उचलून वेगळ्या ठिकाणी जातं, म्हणजे प्लेटवाल्याला एकच फाइल दिसते. आणि मंजुरी म्हणून नुसतं ओके किंवा अंगठा चालत नाही. प्रूफसोबत एक वाक्य पाठवतो, ते ग्राहकाने तसंच परत पाठवायचं:

```
काम 1184, प्रूफ P3: मजकूर, अंक, माप, नग 3000 तपासले.
कोणतीही दुरुस्ती नाही. छपाईस मंजुरी.
```

एरवी शिष्टाचाराने वागणारे काही ग्राहक यावर रागावतात, विश्वास नाही का म्हणून विचारतात. मी त्यांना सांगते की आमच्या फोल्डरमध्ये तुमच्या तीन फाइल आहेत, तुम्हाला नेमकी कोणती आवडली ते मला कळायला हवं. नग त्या वाक्यात मुद्दाम आहे. कोटेशन 3000 चं आणि बोलण्यात 5000 झालेले, असा प्रकार इथेच पकडला जातो. छपाईत मोजून नेमके तेवढेच नग निघत नाहीत, तर थोडे कमीजास्त होतात. तुम्ही जी टक्केवारी पाळता, ती आणि बिल प्रत्यक्ष नगांचं होईल का हे, कोटेशनमध्ये स्पष्ट हवं.

रंगाचं थोडं वेगळं आहे. पीडीएफ प्रूफ ग्राहक मोबाइलवर बघतो आणि पडद्यावरचा रंग प्रकाशातून येतो, छापलेला शाईतून. गडद निळा हे नेहमीचं उदाहरण. सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे ठेवले तर पडद्यावर छान निळा दिसलेला रंग कागदावर जांभळा येतो. मॅट लॅमिनेशननंतर रंग आणखी मंद दिसतो. म्हणून पीडीएफ प्रूफखाली आम्ही लिहितो की हे मजकूर, जागा आणि माप तपासण्यासाठी आहे, रंगाच्या मंजुरीसाठी नाही. रंग महत्त्वाचा असेल तर कागदावर छापलेलं प्रूफ, त्याचा वेगळा दर आणि ते पोचायला लागणारे दिवस, हे तिन्ही कोटेशनमध्येच पर्याय म्हणून द्या. ग्राहकाने तो पर्याय नाकारला तर ते नाकारणंही लेखी राहतं.

उत्तरच आलं नाही तर

प्रूफ पाठवून आठवडा झाला, उत्तर नाही. अशा वेळी काही जण कोटेशनमध्ये लिहितात की इतक्या दिवसांत उत्तर न आल्यास प्रूफ मंजूर समजलं जाईल. मी हे कधीच लिहिणार नाही. ज्याने प्रूफ उघडलंही नाही त्याच्या नावावर 3000 खोकी छापायची, आणि मग पैसे मागायचे? पहिल्याच चुकीच्या अक्षरावर तो माल परत येतो आणि पुन्हा छापायचा खर्च शेवटी आपल्याच गळ्यात पडतो.

त्याऐवजी गप्प बसण्याचा परिणाम तारखेवर आणि दरावर होऊ द्या. मंजुरी ठरलेल्या तारखेपर्यंत आली नाही तर मशीनवरची जागा दुसऱ्या कामाला जाते आणि नवीन तारीख मंजुरी आल्यावर कळवली जाते. कोटेशनच्या तारखेपासून 30 दिवसांत मंजुरी आली नाही तर बोर्डाचा दर पुन्हा बघितला जातो. दरात धरलेल्या 2 प्रूफनंतरच्या प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे, पण आमच्या चुकीमुळे झालेली फेरी मोजायची नाही. हे शेवटचं लिहिलंच पाहिजे, नाहीतर वरच्या फोन नंबरच्या गोंधळाचे पैसे आपण ग्राहकाकडून मागत बसू. ऑर्डर रद्द झाली तर काय, हेही टप्प्यांनुसार दोन ओळींत बसतं: मंजुरीपूर्वी फक्त डिझाइन आणि प्रूफचा खर्च, प्लेट आणि डाय झाल्यावर त्यांचा खर्च त्यात मिळवून, छपाई सुरू झाल्यावर पूर्ण रक्कम.

पुन्हा येणाऱ्या ऑर्डरी या सगळ्यातून निसटतात, त्यांच्याबद्दल सांगायचं राहिलं. "मागच्यासारखंच, बदल काही नाही" असा निरोप आला की कोटेशनला प्रूफची ओळच नको असं वाटतं. त्या 3000 खोक्यांची ऑर्डर सहा महिन्यांनी पुन्हा आली, तेव्हाही तोच निरोप होता. मी जुनंच प्रूफ नवीन काम क्रमांक घालून पाठवलं, तेच मंजुरीचं वाक्य खाली जोडून. अर्ध्या तासात उत्तर आलं की मधल्या काळात त्यांचा पत्ता बदलला आहे. या वेळी दुरुस्तीचं प्रूफ त्याच दिवशी गेलं, मंजुरी दुपारी 4 च्या आत आली आणि माल नवव्या दिवशी निघाला.